दहा बार दाब आणि हातातून सुटलेली ब्रँच

प्रसंग साधा आहे आणि थोड्याफार फरकाने वारंवार घडणारा आहे. एका गोदामाच्या वरच्या मजल्याला आग लागलेली. खिडकी जमिनीपासून सोळा मीटर उंच. भिंतीपासून तेरा मीटरवर अग्निशमन दलाचे दोन जवान ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची धातूची नळी, धरून उभे. ६३ मिलिमीटरचा होज, पंधरा-पंधरा मीटरचे चार तुकडे जोडून साठ मीटर लांब. पुढे २० मिलिमीटर तोंडाचं गुळगुळीत नोझल. पंपावर सहा बार दाब. धार खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचत होती, पण पोचेपर्यंत ती अर्धी झाल्यासारखी विखुरलेली. पाण्याचा बराच भाग बाहेरच भिंतीवर ओघळत होता.

ब्रँचमनने हात वर करून दाब वाढवायची खूण केली. पंप ऑपरेटरने सहाचा दाब दहावर नेला. धार आणखी पांढरी झाली, थोडी वर चढली, आणि दोघांनीही ती व्यवस्थित पेलली. एक-दोन मिनिटांनी खालच्या दारातून धूर दिसला. मागचा जवान होजचा पीळ काढायला चार पावलं मागे गेला आणि त्याच वेळी ब्रँचमनने धार खाली दाराकडे वळवली. तो मागे सरकू लागला, दोन-तीन पावलं घसरला, आणि ब्रँच हातातून निसटली. होजचं पुढचं टोक हवेत फटकारे मारू लागलं, त्यातला एक मागच्या जवानाच्या नडगीवर बसला. पंप ऑपरेटरने डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केल्यावर ते थांबलं.

नंतरच्या टिपणात कारण लिहिलं गेलं: ‘पकड सैल पडली’. मला हे कारण पटत नाही. पकड कितीही घट्ट असती तरी तो माणूस तिथे टिकला नसता, आणि हे कागदावर दहा मिनिटांत दाखवता येतं. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. दाब वाढवल्यावर लगेच काही का झालं नाही? एक-दोन मिनिटं सगळं नीट चाललं होतं. धोका दाब वाढवतानाच आत आला होता, पण तो लपून राहिला.

सुरुवात नोझलच्या तोंडापासून करू. पंपावरचा दाब म्हणजे नोझलवरचा दाब नव्हे; साठ मीटर होजमध्ये घर्षणाने काही दाब खर्च होतो. मिनिटाला सुमारे ६०० लिटर पाणी वाहत असेल तर या होजमध्ये जवळपास एक बार जातो. म्हणजे पंपावर सहा बार असताना नोझलवर पाच बार उरतात. या दाबाचं वेगात रूपांतर होतं ते असं:

v = √(2P/ρ)

पाच बार म्हणजे पाच लाख पास्कल, पाण्याची घनता हजार. वेग येतो सेकंदाला ३१.६ मीटर, ताशी ११० किलोमीटरच्या वर. चांगल्या गुळगुळीत नोझलमध्ये प्रत्यक्ष वेग याच्यापेक्षा एक-दोन टक्केच कमी असतो, तेव्हा तो फरक इथे सोडून देऊ. तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. त्यातून सेकंदाला जवळपास दहा किलो पाणी बाहेर पडतं.

आता मागचा धक्का. दर सेकंदाला दहा किलो पाण्याला ३१.६ मीटरचा वेग द्यायचा, तर लागणारं बल दोन्हींचा गुणाकार, ३१४ न्यूटन. तेवढंच बल उलट दिशेने ब्रँच धरणाऱ्यांवर येतं. ३२ किलो वजन टांगल्यावर दोरी जितकी ओढते, तितकी ही ढकल. दाब बारमध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये घेतला तर न्यूटनमधलं उत्तर थेट देणारं सूत्र असं:

R = 0.157 × P × d²

इथे एक गोष्ट शिकणाऱ्यांना हमखास चकवते. कुणी म्हणतं, पाच बार दाब आणि ३१४ चौरस मिलिमीटरचं भोक, म्हणजे बल १५७ न्यूटन. दाब गुणिले क्षेत्रफळ. प्रत्यक्षात दुप्पट भरतं. नोझलचं तोंड टोपण लावून बंद केलंय अशी कल्पना करा. आत दाब आहे, पण ब्रँच मागे ढकलली जात नाही, कारण टोपणावर आणि नोझलच्या निमुळत्या भिंतींवर पाणी पुढच्या दिशेनेही रेटतं आणि हिशेब बरोबर सुटतो. टोपण काढलं की टोपणावरचा पुढचा रेटा गेला; हे झाले १५७. पण तोंडाजवळच्या निमुळत्या भागात पाणी वेग घेतं, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि भिंतींवरचा पुढचा रेटाही जवळपास तेवढ्यानेच घटतो. दोन्ही मिळून तूट दुप्पट. म्हणून नोझल बंद असताना ‘हा दाब पेलवतोय’ असं वाटण्याला काही अर्थ नसतो. बंद नोझल हातात काहीच सांगत नाही.

३१४ न्यूटन दोन जवानांना पेलतात का? पेलतात. व्यवहारात वापरले जाणारे ढोबळ आकडे असे आहेत की एकटा माणूस काम करता करता साधारण २७० न्यूटनपर्यंत, दोघे मिळून ३३० पर्यंत आणि तिघे मिळून ४२० पर्यंत धक्का सांभाळू शकतात. माणसं दुप्पट झाली म्हणून क्षमता दुप्पट होत नाही, कारण मागच्याला पुढच्याइतका चांगला टेका आणि पकड मिळत नाही. म्हणजे पाच बारवर आपले दोघे काठावर, पण मर्यादेत होते.

पंप दहावर गेल्यावर काय झालं? होजमधला ऱ्हास आणि नोझलवरचा दाब दोन्ही प्रवाहाच्या वर्गाने वाढतात, त्यामुळे दोघांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. पंपावर दहा तर नोझलवर सुमारे ८.४ बार. सूत्रात घाला: ०.१५७ गुणिले ८.४ गुणिले ४००, उत्तर ५२७ न्यूटन. तिघांच्याही मर्यादेच्या वर. आणि एवढं करून मिळालं काय?

पाण्याच्या थेंबांना हवेचा अडथळा नसता, तर पाच बारची धार सरळ वर ५१ मीटर गेली असती आणि ८.४ बारची ८५ मीटर. कागदावरचा हा फरक फार मोहात पाडणारा आहे. प्रत्यक्षात हवा आहे, आणि धार एकसंध दांडा नसते. तोंडातून निघताना ती काचेच्या कांबीसारखी नितळ असते, काही मीटरवर तिच्या पृष्ठभागावर लाटा उठतात, मग बाहेरचा थर सुटून थेंब होतात, आणि थेंबांना हवा चटकन थोपवते. वेग जितका जास्त, तितकी ही फूट लवकर. अमेरिकन अभियंता जॉन आर. फ्रीमन यांनी १८८८-८९ मध्ये अग्निशमन धारांवर मोजमापांची मोठी मालिका केली. चांगली धार कुठपर्यंत मानायची, याची त्यांनी दिलेली कसोटी अजून वापरात आहे: जिथपर्यंत नऊ-दशांश पाणी सुमारे ३८ सेंटिमीटरच्या वर्तुळात आणि पाऊण पाणी २५ सेंटिमीटरच्या वर्तुळात राहतं, तिथपर्यंत. त्यापुढे पोचतात ते शिंतोडे. या कसोटीने आपल्या २० मिलिमीटरच्या नोझलची पाच बारवरची कामाची पोच वीस-बावीस मीटरच्या आसपास येते. खिडकी तिरक्या रेषेत मोजली तर वीस मीटरवर होती, म्हणजे पोचीच्या अगदी टोकाला. थोडा समोरून वारा असला की संपलं. दाब ८.४ वर नेऊन यात फार तर तीन-चार मीटरची भर पडते.

धक्का दाबाच्या सरळ प्रमाणात वाढतो, इथे दोन-तृतीयांशाने वाढला. पोच वाढते ती जेमतेम सहावा हिस्सा. शिवाय ब्रँचजवळ उभ्या माणसाला दाब वाढल्यावर धार जास्त जोरदार *दिसते*, आवाज वाढतो, पांढरेपणा वाढतो. तो पांढरेपणा म्हणजेच धार लवकर फुटत असल्याची खूण, हे तिथे उभं राहून ध्यानात येत नाही. बाजूला, धारेशी काटकोनात उभा राहिलेला माणूस ते पटकन सांगू शकतो.

आता तो लपलेला धोका. ५२७ न्यूटन दोघांनी एक-दोन मिनिटं कसे पेलले? कारण धार वर होती. तिचा जमिनीशी कोन साधारण ५५ अंश होता, आणि धक्का नेहमी धारेच्या बरोबर उलट दिशेने, म्हणजे मागे *आणि खाली* लागतो. ५२७ न्यूटनपैकी आडवा, मागे ढकलणारा भाग ३०२ न्यूटन. उरलेला ४३२ न्यूटनचा भाग सरळ खाली, जवानांना जमिनीत रुतवणारा. बुटाखालचं घर्षण त्या वजनाने उलट वाढतं. पाच बारवर, धार आडवी धरून सराव करताना याच दोघांनी ३१४ न्यूटनचा आडवा धक्का पेललेला असतो. म्हणजे ५५ अंशांवर ८.४ बार त्यांना सरावातल्यापेक्षा किंचित *हलकाच* वाटला असणार. हातांवर आणि कमरेवर खालचा भार जाणवला असेल, पण पाय सरकत नव्हते, आणि सरकते पाय हीच जवानाची धोक्याची घंटा असते.

मग ब्रँच खाली आली. दाराकडे धरताना कोन दहा अंशांवर आला. दाब तोच, धक्का तोच ५२७, पण आता मागे ढकलणारा भाग ५१९ न्यूटन आणि खाली दाबणारा फक्त ९२. त्याच क्षणी मागचा जवान होजपासून दूर. उरला एकटा ब्रँचमन. अंगावरच्या सामानासकट त्याचं वजन ९० किलो धरू. ओल्या काँक्रीटवर बुटाच्या घर्षणाचा गुणांक ०.४ धरला, तर वजन आणि खालचा दाब मिळून त्याला घर्षणातून मिळणारा जास्तीत जास्त आधार सुमारे ३९० न्यूटन. समोरून ५१९. इथे पकडीचा संबंधच येत नाही. हात ब्रँचला वेल्ड केलेले असते, तरी तो ब्रँचसकट मागे गेला असता. पुढे झुकून तोल सावरला असता तरी बुटाखालची जमीन तीच राहते.

या गणितात होजची बाजू अजून आलेली नाही, आणि माझ्या मते सर्वांत कमी समजली जाणारी बाजू तीच आहे. कपलिंगपाशी, म्हणजे नोझल आणि होजच्या जोडापाशी, नीट पाहिलं तर नोझल होजवर मागे रेटत नसतं, पुढे ओढत असतं. ६३ मिलिमीटर होजमधलं पाणी नोझलच्या निमुळत्या भिंतींना पुढे ढकलतं, आणि पाच बारवर ही ओढ तेराशे न्यूटनच्या घरात जाते. कपलिंग निसटलं तर नोझल पुढे उडेल, मागे नाही. मग जवानाला मागचा धक्का येतो कुठून? होजच्या भिंतीत ओढ आहे, पण तिच्या आतल्या पाण्याचा दाब त्याहून थोडा जास्त मागे रेटतो आहे. दोन्हींची वजाबाकी केली की होज एकूण ३१४ न्यूटनने दाबला गेल्यासारखा वागतो. लवचीक छडी दोन्ही टोकांनी दाबावी आणि ती मध्येच बाजूला वाकावी, तसा ताठ फुगलेला होजही बाजूला कमान काढतो. ओढ आणि वाकणं एकाच वेळी, म्हणूनच हे डोळ्यांना खोटं वाटतं.

या कमानीवर लक्ष ठेवायला हवं. ब्रँचमनच्या मागे दोन-तीन मीटरवर होज बाजूला फुगू लागला, तर धक्का त्या वाकातून निसटून जवानाच्या अंगावर येतो आहे असं समजावं. याउलट होज मागे दहा मीटर सरळ जमिनीवर असेल, तर तो स्वतः धक्क्याचा वाटा उचलतो. पाण्याने भरलेल्या या होजचं वजन मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतं. ओल्या जमिनीवर मीटरमागे सुमारे १४ न्यूटन घर्षण मिळतं. दहा मीटर सरळ होज म्हणजे १४० न्यूटन, एका माणसाच्या क्षमतेच्या अर्धा. मागच्या जवानाने गुडघा होजवर टेकून ठेवायचा, तो याचसाठी: होज जमिनीला आणि सरळ रेषेला धरून राहावा. आपल्या प्रसंगात ब्रँचच्या मागे अडीच मीटरवर पीळ होता. तोच काढायला मागचा जवान गेला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. चूक एवढीच की पीळ निघेपर्यंत धार खाली आणायला नको होती, किंवा त्याआधी दाब उतरवायला हवा होता.

ब्रँच सुटल्यावरचं चित्रही याच आकड्यांतून कळतं. ब्रँच आणि तिच्यामागचा दोनेक मीटर भरलेला होज मिळून दहा किलोच्या आसपास वस्तुमान. त्यावर ५२७ न्यूटन. त्वरण गुरुत्वाच्या पाचपटीहून जास्त, म्हणजे पाव सेकंदाच्या आत धातूचं ते टोक सेकंदाला दहा मीटरहून वेगाने फिरतं, आणि होज वाकत राहतो तशी दिशाही बदलत राहते. ते पकडायला जाण्यात शहाणपण नाही. पाणी तोडायचं, पंपावर किंवा जवळच्या व्हॉल्व्हवर, आणि तोवर जमिनीवर आडवं होऊन दूर सरकायचं. सुटलेल्या टोकापासून बरंच मागे, जिथे होज जमिनीवर स्थिर आहे तिथे कुणी त्यावर बसला तर चालतं. पुढच्या दोन-तीन मीटरच्या आसपास मात्र कुणी जाऊ नये.

मग त्या खिडकीचं करायचं काय होतं? जवळ जाणं हा पहिला विचार. तेरा मीटरऐवजी आठवर उभं राहिलं तर तिरकं अंतर तीन मीटरने कमी होतं. पण धार इतकी उभी होते की खिडकीतून आत शिरताच छताला लागून तिथेच खाली पडते, आणि खोलीच्या मागच्या भागाला काही मिळत नाही. शिवाय भिंतीजवळ काचा आणि तावदानं कोसळतात. म्हणून हा मार्ग फारसा उपयोगाचा नव्हता.

दुसरा मार्ग म्हणजे तोंड मोठं करणं. सूत्रात व्यास वर्गाने येतो, त्यामुळे मोठं नोझल म्हणजे मोठा धक्का असं वाटतं, आणि दाब तोच ठेवला तर ते खरंही आहे. पण २५ मिलिमीटरचं नोझल लावून त्यावर ३.२ बार ठेवले, तर धक्का तोच ३१४ न्यूटन राहतो आणि पाणी मिनिटाला ६०० ऐवजी ७४५ लिटर मिळतं. तेवढ्याच धक्क्यात पाणी चौथा हिस्सा जास्त, कारण धक्का म्हणजे प्रवाह गुणिले वेग. वेग कमी केला की प्रवाह वाढवायला जागा होते. आत शिरून काम करणाऱ्या दोघांसाठी हा उत्तम सौदा आहे. या खिडकीसाठी मात्र तो पुरत नव्हता. जाड धार जास्त वेळ एकसंध राहते हे खरं, पण ३.२ बारवर वेग २५ मीटरवर उतरतो, आणि एकूण पोच पहिल्यापेक्षा थोडी कमीच भरते.

उरतो तिसरा मार्ग: तेच २५ मिलिमीटरचं नोझल, पाच बारवर. धार जाड आणि वेगवान, पोच २० मिलिमीटरच्या ८.४ बारइतकी किंवा जराशी जास्त, आणि पाणी मिनिटाला ९३० लिटर. धक्का ४९१ न्यूटन, म्हणजे हे माणसांच्या हातातलं काम उरत नाही. इथे जमिनीवर ठेवायचा मॉनिटर, म्हणजे बैठकीवर बसवलेलं मोठं नोझल, लागतो. पंपावर साडेसात बार पुरतात, दहाची गरजच पडत नाही.

मॉनिटर ठेवला म्हणून निर्धास्त होता येत नाही. वीस किलोचा मॉनिटर, कोन ५५ अंश: मागचा भाग २८२ न्यूटन, खालचा ४०२. स्वतःचं वजन धरून ओल्या जमिनीवर घर्षणाचा आधार २३९. तो सरकेल. मागे दहा मीटर होज सरळ टाकला तर त्याचे १४० मिळून ३७९ होतात आणि मॉनिटर जागेवर राहतो. पण त्याच मॉनिटरचं तोंड तीस अंशांवर आणलं, की मागचा भाग ४२५ होतो, खालचा दाब घटतो, आणि सरळ होज धरूनही आधार ३१६ च्या वर जात नाही. म्हणून जमिनीवरच्या मॉनिटरला तोंड फार खाली येऊ न देणारा अडथळा बसवलेला असतो. तो ओलांडून धार खाली आणायची असेल, तर आधी मॉनिटर दोरीने किंवा साखळीने पुढच्या दिशेला एखाद्या भक्कम खांबाला बांधायचा, दोरी ताणून घ्यायची, पंपावर दाब उतरवायचा आणि मगच तोंड फिरवायचं.